शून्य की आठ?

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)



जुन्या कारखान्यांच्या, सूतगिरण्यांच्या, सहकारी संस्थांच्या कचेरीत ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत एक आवाज ओळखीचा झाला होता. करकर करत डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे धावणाऱ्या प्रिंटरचा. दोन्ही कडांना भोके असलेला लांबलचक कागद त्यातून बाहेर पडायचा आणि त्यावर ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरे असायची. हा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. पगारपत्रके, बिले, पासबुके आणि प्रॉव्हिडंट फंडाचे वार्षिक तक्ते यावरच छापले जात. आज हे कागद पेटीतून बाहेर निघतात ते बहुधा कुणाचे तरी निवृत्तिवेतन अडले म्हणून. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाढीव वेतनावरच्या निवृत्तिवेतनाबाबत निकाल दिला आणि पुढच्या वर्षी असंख्य घरांत जुन्या फायली उलगडल्या गेल्या. कागद सापडतो, पण आकडे पुसट, तुटके, अर्धे गेलेले. समोर दिसतो तो आकडा शून्य की आठ, हेच कळत नाही.

असा तक्ता कसा वाचायचा, हे आज एका उदाहरणावरून पाहू. उदाहरण घेऊ प्रॉव्हिडंट फंडाच्या फॉर्म ३-ए चे. प्रत्येक कामगाराचा वर्षाचा एक तक्ता. बारा महिन्यांच्या बारा ओळी आणि खाली बेरीज. दर ओळीत महिन्याचे वेतन, कामगाराची वर्गणी, मालकाच्या वर्गणीतून फंडात गेलेला भाग, निवृत्तिवेतन निधीत गेलेला भाग, आणि शेवटी बिनपगारी दिवसांची संख्या. २०१२ पासून हा भरणा संगणकीय चलनाने होऊ लागला आणि हा फॉर्म मागे पडला. पण त्याआधीच्या नोकरीचा पुरावा म्हणून तो अजूनही शोधला जातो.

आकडे वाचायला बसण्याआधी एक प्रश्न सोडवायचा असतो. कागदावर शाई कमी पडली आहे, की ठोकाच पडलेला नाही? या दोन वेगळ्या व्याधी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

त्यासाठी हे यंत्र कसे छापते ते थोडे समजून घेऊ. प्रिंटरच्या हेडमध्ये बारीक तारांसारख्या पिना एकाखाली एक अशा उभ्या रांगेत असतात. कचेऱ्यांतल्या साध्या प्रिंटरमध्ये त्या नऊ असत. हेड कागदावरून आडवे धावते आणि हव्या त्या क्षणी हवी ती पिन पुढे येऊन शाईच्या रिबनवर ठोका देते. रिबनमागे कागद असतो, त्यावर ठिपका उमटतो. आकडे आणि मोठी इंग्रजी अक्षरे वरच्या सात पिनांतून तयार होतात. खालच्या दोन पिना छोट्या अक्षरांच्या शेपट्यांसाठी आणि अधोरेखेसाठी.

आता रिबन सुकली तर काय होते? सगळे ठिपके फिके पडतात. कुठे जास्त, कुठे कमी, ढगासारखे. रिबन जागेवरून घसरली किंवा दुमडली तर अक्षरांची वरची किंवा खालची बाजू उडते, पण ती रेघ सरळ नसते. ओळीच्या एका टोकाला थोडी, दुसऱ्या टोकाला जास्त, अशी तिरकी होत जाते. या दोन्ही वेळी पिना मात्र ठोके देतच असतात. म्हणजे शाई नसली तरी कागदावर खळगा पडलेला असतो.

हा खळगा पाहता येतो. खोलीत अंधार करावा, कागद सपाट टेबलावर ठेवावा आणि लहान टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाकावा. उजेड वरून नको, आडवा हवा. प्रत्येक खळग्याच्या एका कडेला सावली पडते आणि ठिपके दिसू लागतात. आधी डावीकडून, मग वरच्या कडेकडून, असा उजेड फिरवावा. कागद उलटा करून मागूनही पाहावे. तिथे तेच ठिपके किंचित उठावदार दिसतात, मात्र उलट्या क्रमाने. पेन्सिल घासून खळगे उठवण्याचा मोह होतो, तो टाळावा. तो कागद पुरावा आहे आणि त्यावर आपण केलेली प्रत्येक खूण उद्या संशयाचे कारण ठरते.

आणखी एक गोष्ट. हे तक्ते पुष्कळदा कार्बन घालून दोन-तीन प्रतींत छापले जात. कार्बन प्रतीवरचा ठसा रिबनच्या शाईने उमटत नाही, ठोक्याने उमटतो. म्हणून रिबन सुकलेली असेल तर वरच्या मूळ प्रतीपेक्षा खालची कार्बन प्रत जास्त ठळक असू शकते. कचेरीत किंवा सहकाऱ्याच्या घरी दुसरी प्रत असेल तर ती आधी मागावी.

दुसरी व्याधी अधिक कठीण. हेडमधली एखादी पिन तुटते किंवा अडकते. मग त्या पिनेच्या उंचीवरचा ठिपका कुठेच पडत नाही. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, त्याच उंचीवर एक पांढरी आडवी चीर दिसते. टाइपरायटरशी तुलना केली म्हणजे हे पक्के लक्षात येते. टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराचा खिळा वेगळा. तिथे आठचा खिळा झिजला तर पानभर फक्त आठच तुटका येतो, बाकी अक्षरे धडधाकट. टाइपरायटरचा दोष अक्षराबरोबर फिरतो, डॉट मॅट्रिक्सचा दोष उंचीबरोबर. कागदावर एक पट्टी आडवी धरली की ओळखता येते.

पिन गेली असेल तर टॉर्चचा उपयोग नाही. तिथे ठोका पडलाच नाही, म्हणून खळगाही नाही, आणि कार्बन प्रतीतही तो ठिपका नाही. मोजक्या कागदांवर आलेला हा दोष सर्वांत फसवा, कारण बाकीचे ठिपके काळेभोर असतात आणि आकडा पूर्ण आहे असेच वाटते.

कोणती पिन गेली, यावर कोणते आकडे एकमेकांत मिसळतील ते ठरते. समजा सातांपैकी मधली, म्हणजे वरून चौथी पिन गेली. इंग्रजी आठ म्हणजे एकावर एक दोन वर्तुळे. त्यांना जोडणारी आडवी रेघ नेमकी चौथ्या पिनेची. ती गेली की उरते वरची कमान, खालची कमान आणि दोन्ही बाजूंचे उभे ठिपके. इंग्रजी शून्यातून चौथी ओळ काढा. तिथेही वरची कमान, खालची कमान आणि बाजूचे उभे ठिपके, मध्ये फट. म्हणजे आठ आणि शून्य सारखे दिसतात एवढेच नव्हे, साध्या ठशात ते ठिपक्या-ठिपक्याने एकच होतात. भिंगाखाली तासभर पाहिले तरी फरक सापडणार नाही, कारण तो कागदावर नाहीच. सहा आणि नऊ मात्र वाचतात. सहाच्या वरच्या उजव्या बाजूला आणि नऊच्या खालच्या डाव्या बाजूला जागा मोकळी असते. काही प्रिंटर शून्यात तिरकी रेघ काढत. तसा प्रिंटर असेल तर प्रश्नच मिटला. चोवीस पिनांच्या प्रिंटरमध्येही एक पिन गेल्याने फक्त बारीक फट पडते, आकडा जात नाही.

मधलीच पिन गेली आहे याची खात्री मथळ्यावरून करावी, कारण मथळ्यातला मजकूर आपल्याला ठाऊक असतो. वर्ष २००२-०३ असेल तर तिथली शून्ये निश्चित शून्ये आहेत. निवृत्तिवेतन निधीच्या रकान्यावर ८.३३ टक्के छापलेले असते, तिथला आठ निश्चित आठ आहे. हे दोन शेजारी ठेवून पाहावेत. इंग्रजी ‘एच’ची मधली दांडी आणि ‘ई’ची मधली काडी गेलेली दिसेल. आणि एक महत्त्वाचे: वजाबाकीचे चिन्ह आणि तक्त्यात आडव्या रेघेसाठी छापलेले जोडचिन्ह हे सबंधच्या सबंध त्याच पिनेचे काम. ती पिन गेली की ते नाहीसेच होते. म्हणून मथळ्यात २००२ आणि ०३ यांच्यामध्ये नुसती मोकळी जागा दिसली, तर आतल्या रकान्यातही एखाद्या वसुलीच्या आकड्यासमोरचे उणे चिन्ह गेले असेल, हे लक्षात ठेवावे.

आता तक्त्याकडे वळू. डोळ्यांना जे कळत नाही ते इथे हिशेब सांगतो. आधी नियम शोधावा, तोही पूर्ण वाचता येणाऱ्या ओळीतून. बहुतेक आस्थापनांना सप्टेंबर १९९७ पासून वर्गणीचा दर १२ टक्के झाला. काही उद्योगांना १० टक्केच राहिला. आपला तक्ता कोणत्या दराचा, हे एका स्वच्छ ओळीवर तपासावे. कामगाराचे १२ टक्के. मालकाचेही १२, पण त्यातले वेतनाच्या ८.३३ टक्के निवृत्तिवेतन निधीत आणि उरलेले फंडात. पैसे पन्नास किंवा जास्त असतील तर पुढचा रुपया धरायचा.

उदाहरणाच्या तक्त्यात दहा महिन्यांचे वेतन असे दिसते: पाच, मग दोन संशयित आकडे, मग सहा. प्रत्येक संशयित जागी शून्य किंवा आठ. म्हणजे चार शक्यता: ५,००६, ५,०८६, ५,८०६ आणि ५,८८६. प्रत्येकाचे १२ टक्के काढू. अनुक्रमे ६०१, ६१०, ६९७ आणि ७०६. शेजारच्या रकान्यात कामगाराची वर्गणी ६९७ छापली आहे. सहा, नऊ, सात तिन्ही स्पष्ट. म्हणून वेतन ५,८०६. एवढ्यावर थांबू नये. निवृत्तिवेतन निधीच्या रकान्यात चार, संशयित, चार असे आहे. म्हणजे ४०४ किंवा ४८४. ५,८०६ चे ८.३३ टक्के ४८४ येतात. फंडातला मालकाचा भाग २१३ छापला आहे आणि २१३ अधिक ४८४ म्हणजे ६९७. ओळ तीन बाजूंनी जुळली.

उरलेले दोन महिने जून आणि नोव्हेंबर. तिथे वेतन चार, दोन, पाच आणि संशयित आकडा. ४,२५० किंवा ४,२५८. पहिल्याचे १२ टक्के ५१०, दुसऱ्याचे ५११. छापील वर्गणी ५११. म्हणून ४,२५८.

आता उभ्या बेरजेने पडताळा घेऊ. वेतनाची छापील बेरीज ६६,५७६. यात एकही संशयित आकडा नाही. सर्व संशयित जागी शून्य धरून बेरीज केली तर ५८,५६० येते. फरक ८,०१६. यातले ८,००० म्हणजे शतकाच्या जागी दहा आठ, आणि १६ म्हणजे एककाच्या जागी दोन आठ. आपण वाचले तेही असेच. पण सावध राहा. हाच ८,०१६ चा फरक शतकाच्या जागी नऊ आठ आणि दशकाच्या जागी दहा आठ धरूनही येतो. बेरीज ‘किती’ ते सांगते, ‘कुठे’ ते सांगत नाही. ‘कुठे’ हे सांगते आडवी ओळ. म्हणून दोन्ही दिशांनी हिशेब करावा लागतो.

आता शेवटचा रकाना, बिनपगारी दिवसांचा. कामगाराच्या दृष्टीने खरी मेख इथे आहे. हे दिवस निवृत्तिवेतनाच्या सेवेतून वजा होतात. निवृत्तिवेतनाला किमान दहा वर्षांची सेवा लागते आणि सहा महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. ज्याची सेवा साडेनऊ वर्षांच्या सीमेवर आहे, त्याला दोन-अडीच महिने इकडचे तिकडे झाले तर दरमहाचे निवृत्तिवेतन मिळणार की नाही, इथपर्यंत फरक पडतो. आणि या रकान्यात बाराही ओळींत एकच खूण आहे: शून्य किंवा आठ. सगळे आठ वाचले तर वर्षात ९६ दिवस गैरहजेरी होते.

या आकड्याला टक्केवारीचा आधार नाही. पण खाली बेरीज १६ छापली आहे, एक आणि सहा दोन्ही स्पष्ट. म्हणजे बारांपैकी नेमके दोनच आठ आहेत. कोणते? वेतन कुठे घसरले ते पाहा. जून आणि नोव्हेंबर, दोन्ही तीस दिवसांचे महिने. ५,८०६ रुपयांच्या पगारातून आठ दिवस कापले, म्हणजे तीसपैकी बावीस दिवसांचा पगार राहिला. हिशेब करा, ४,२५८ येतात. तक्त्यात तोच आकडा आहे. म्हणून आठ या दोन महिन्यांचे, शून्य बाकी दहांचे. इथे महिने मोजताना एक ध्यानात असू द्या: ३-ए चे वर्ष मार्चच्या पगारापासून, म्हणजे एप्रिलमध्ये भरलेल्या वर्गणीपासून सुरू होते. पहिली ओळ एप्रिलच्या पगाराची समजली तर सगळे एका महिन्याने सरकते.

ही पद्धत कुठे थांबते तेही सांगायला हवे. जून २००१ ते ऑगस्ट २०१४ या काळात निवृत्तिवेतन निधीसाठी वेतनाची मर्यादा ६,५०० रुपये होती. त्याच्या ८.३३ टक्के म्हणजे ५४१. वेतन मर्यादेवर गेले की या रकान्यात ५४१ च येत राहतात आणि तो रकाना वेतनाबद्दल काही बोलत नाही. काही मालक सगळी वर्गणीच मर्यादेवर भरत. तिथे कामगाराच्या रकान्यात सात आणि पुढे दोन संशयित आकडे दिसले, तर ७००, ७०८, ७८० की ७८८? मालकाच्या भागात २३९ स्पष्ट आहे. २३९ अधिक ५४१ म्हणजे ७८०. वर्गणी कळली. पण त्या ओळीतले वेतन ७,०५० की ७,८५०, हे ओळीवरून कधीच कळणार नाही, कारण दोन्हीला ७८० च लागतात. तिथे उभी बेरीज मदत करील तेवढीच. नाहीच जुळले, तर ती जागा रिकामी ठेवावी.

दुसरी मर्यादा अशी की आपण कारकुनाचा हिशेब बरोबर धरून चाललो आहोत. एखाद्या महिन्यात थकबाकी दिली असेल किंवा वर्गणी चुकीची कापली असेल, तर नियम त्या ओळीला लागू नाही. म्हणून एकाच आधारावर आकडा ठरवू नये. आडवी ओळ, उभी बेरीज आणि शेजारचे महिने यांतले दोन तरी जुळावेत. मूळ कागदावर काहीही गिरवू नये. वेगळ्या कागदावर तक्ता उतरवावा. डोळ्यांनी वाचलेले आकडे शाईने, हिशेबाने ठरवलेले कंसात, आणि प्रत्येक कंसाखाली कारण एका ओळीत.

प्रत काढतानाही जपावे. झेरॉक्सच्या यंत्रात ठिपके फुगून एकमेकांना चिकटतात किंवा फिके ठिपके उडतात. स्कॅन करायचे तर मूळ कागदाचेच, रंगीत किंवा करड्या छटांत करावे. नुसते काळे-पांढरे नको. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रे स्कॅनची फाइल लहान करताना सारखे दिसणारे आकडे एकमेकांच्या जागी बसवत होती. सहाचा स्वच्छ, नीटनेटका आठ होत होता. पुढे कंपनीला सुधारणा करावी लागली. तुटका आकडा निदान आपण तुटका आहोत हे दाखवतो. असा बदललेला आकडा काहीच दाखवत नाही.

एवढे झाल्यावर कचेरीत जाताना फॉर्म ६-ए मागावा. तो त्याच वर्षाचा, त्याच आस्थापनेचा सर्व कामगारांचा एकत्र तक्ता. त्यात प्रत्येक कामगाराच्या नावापुढे वर्षाची बेरीज असते. आपल्या उदाहरणात तिथे वेतन ६६,५७६, कामगाराची वर्गणी ७,९९२ आणि निवृत्तिवेतन निधी ५,५५० असे आकडे असायला हवेत. तोही त्याच पिन गेलेल्या प्रिंटरवर छापलेला असला, तरी ५,५५० मधला फक्त शेवटचा आकडा आणि ७,९९२ मधला एकही आकडा संशयित राहत नाही. ते जुळले, तर उतरवलेला तक्ता, मूळ कागद आणि ६-ए ची प्रत एकत्र जोडावी आणि तिन्हींवर एकच खाते क्रमांक आहे ना, हे आकडा-आकडा लावून पाहावे. खाते क्रमांकातही शून्य आणि आठ असतात, आणि तिथे बेरीज मदतीला येत नाही.